चहाची गाळणी आणि चार मिलिमीटर

जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटात सराव चालू होता. मे महिना. पहाटे तीनला डावीकडे, बरगड्यांच्या खाली पाठीतून पिळवटून काढणारी कळ उठली. वाटलं, रात्रीच्या राजम्याचा प्रताप. पण कळ ओसरायची, पुन्हा यायची आणि दर वेळी आणखी खाली, जांघेपर्यंत उतरायची. आडवं पडवेना, बसवेना. लघवीला गेलो, टॉर्च मारला, तर कोकम सरबताचा रंग. खडकवासल्यात तीन वर्षं रगडा खाल्लेला मी, त्या रात्री वाळूत गुडघे टेकून ओकलो.

आमचा डॉक्टर, पंजाबी कॅप्टन, माझ्या येरझाऱ्या बघूनच म्हणाला, "सर, मुतखडा. अपेंडिक्सवाला हलायला घाबरतो, मुतखडेवाला एका जागी थांबत नाही." ताप पाहिला, नव्हता. मग डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात माणसात आलो. मी तांब्यावर तांबे पाणी ढोसत होतो, ते त्याने थांबवलं. कळ चालू असताना जबरदस्तीने पाणी प्यायलं म्हणून खडा वाहून जात नाही. वाट अडलेली असते, मागे लघवी तुंबून मूत्रपिंड ताणलं जातं आणि दुखतं ते त्या ताणामुळेच. रक्त येतं ते खड्याने नळी खरवडल्याने.

ताप त्याने दर चार तासांनी पाहायला लावला. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला, तर थंडी वाजून ताप येतो आणि मग गोळ्या घेत थांबायचं नसतं. त्याच दिवशी हॉस्पिटलात नळी घालून वाट मोकळी करावी लागते, नाहीतर माणूस दगावू शकतो. लघवी पूर्ण बंद झाली तरीही तसंच पळायचं.

दुसऱ्या दिवशी मिलिटरी हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. खडा चार मिलिमीटरचा, नळी मूत्राशयाला मिळते तिथे अडकलेला. एवढे खडे बहुतेक आपोआप पडतात. दहाच्या पुढचे क्वचितच. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं आणि मी सुटलो म्हणून जाहीर केलं. डॉक्टर हसला. दुखणं थांबणं म्हणजे खडा पडणं नव्हे. अडलेला खडा गुपचूप मूत्रपिंड खराब करू शकतो. म्हणून लघवी गाळायची. मेसमधून चहाची गाळणी मागवली (ती परत मेसमध्ये गेली नाही, खात्री बाळगा). अकराव्या दिवशी तिच्यात तपकिरी, काटेरी कण सापडला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं.

मी तर दिवसाला पाच लिटर पाणी पीत होतो! डॉक्टरने विचारलं, "आणि लघवी किती?" रिकाम्या बाटलीत मोजली, चोवीस तासांची जेमतेम लिटरभर भरली. बाकीचं सगळं घामात. अडीच लिटर व्हायला हवी. दूध-दही बंद करू का, विचारलं, तर तो नको म्हणाला. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. कमी करायचं ते मीठ.

आता आमच्या कंपनीत मे महिन्यात पाण्याच्या बाटल्या मोजत नाहीत. सकाळच्या फॉलइनला सुभेदारसाहेब लघवीचा रंग विचारतात.