दुहेरी शह : राजालाच का हलावं लागतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, बुद्धिबळ शिकवताना शहाची तीन उत्तरं आपण मुलांकडून पाठ करून घेतो. शह देणारं मोहरं मारा, मध्ये आपलं मोहरं आडवं घाला, नाहीतर राजा हलवा. पण दुहेरी शह आला की यातली पहिली दोन उत्तरं चालत नाहीत, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात. "सर, तो उंट तर मला फुकट मिळतोय, मग का नाही मारायचा?" हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. "नियमच आहे" असं सांगून मुलांचं समाधान होत नाही, म्हणून मी त्यांच्यासमोर एक जुना डाव मांडतो.

हा डाव १९१० साली व्हिएन्नात झाला. रिचर्ड रेटी पांढऱ्याकडून आणि टार्टाकोवर काळ्याकडून खेळत होते. आठ चाली झाल्यावर पटावर काय होतं ते बघा. पांढऱ्याचा राजा कॅसलिंग करून सी १ वर, हत्ती डी १ वर, त्याच्या पुढे डी २ वर उंट आणि डी ३ वर वजीर. काळ्याचा राजा अजून ई ८ या मूळ घरातच. त्याचा वजीर ई ५ वर, आणि नुकताच एक घोडा मारून त्याचा घोडा ई ४ वर आलेला. डी आणि ई या उभ्या ओळींत कोणाचंच प्यादं उरलेलं नाही.

रेटीने वजीर थेट डी ८ वर नेऊन शह दिला. वजीर फुकट! काळ्याच्या राजाला तो मारावाच लागला, दुसरी चालच नव्हती. आता राजा डी ८ वर आला आणि रेटीने उंट डी २ वरून जी ५ वर नेला. उंटाचा शह तिरका लागला. शिवाय उंट वाटेतून बाजूला झाल्यामुळे मागच्या हत्तीचा शहही डी ओळीतून लागला. मोहरं एकच हललं, पण शह दोन लागले.

इथे मी मुलांना थांबवतो. जी ५ वरचा उंट काळ्याचा वजीरही मारू शकतो आणि घोडाही. मारला तर? हत्तीचा शह तसाच राहतो. बरं, हत्तीच्या वाटेत डी ७ वर उंट आडवा घातला तर? मग जी ५ च्या उंटाचा शह राहतो. एका चालीत दोन्ही शह का मिटत नाहीत? कारण दोन शह दोन वेगळ्या दिशांनी येतात आणि त्या वाटा फक्त राजाच्याच घरात एकत्र येतात. दोन्ही वाटा अडवेल असं मधलं एकही घर नसतं. एकाला मारून दुसऱ्याची वाट अडवावी म्हटलं, तर तो पहिला दुसऱ्याच्या वाटेतच उभा असायला हवा. पण तसं असतं तर दुसऱ्याचा शह मुळात लागलाच नसता! म्हणून राजालाच हलावं लागतं. मात्र राजा हलताना शेजारचं असंरक्षित मोहरं मारू शकतो, हेही मुलांना जरूर सांगा. 'राजा हलवणे' म्हणजे फक्त पळणे, असा त्यांचा समज होतो.

आता मात कशी झाली ते पाहू. डी ८ च्या राजाभोवती पाच घरं. सी ८ वर स्वतःचाच उंट. डी ७ हत्तीच्या माऱ्यात, ई ७ उंटाच्या. उरली सी ७ आणि ई ८. राजा ई ८ वर गेला, तर हत्ती डी ८ वर येऊन मात, कारण त्या हत्तीला जी ५ च्या उंटाचा आधार आहे. सी ७ वर गेला, तर उंट डी ८ वर येऊन मात, कारण त्या उंटाला हत्तीचा आधार आहे. अकराव्या चालीला डाव संपला.

पण दुहेरी शह म्हणजे मात नव्हे. रेटीने उंट जी ५ ऐवजी ए ५ वर नेला असता, तरी दुहेरी शहच बसला असता. पण मग ई ७ वर कोणाचाच मारा राहिला नसता आणि राजा तिकडून निसटला असता. दुहेरी शह राजाला हलायला लावतो. मात व्हायला त्याची पळायची घरंही बंद असावी लागतात.

घरी किंवा वर्गात हीच स्थिती, उंट जी ५ वर ठेवून, मांडा. आधी डी १ चा हत्ती उचला आणि विचारा, "या शहाला किती उत्तरं आहेत?" मुलं भराभर सांगतील. मग हत्ती परत ठेवा आणि त्यातलं एकेक उत्तर त्यांनाच तपासू द्या. उंट मारायला उचललेला हात मधेच थांबला, की समजा मुलाला कळलं.