मागच्या बाकावर बसणारे मुख्याध्यापक

आदरणीय सर,

शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून मान्यतेचे पत्र आले आणि आपली मुख्याध्यापकपदी झालेली नेमणूक पक्की झाली. आम्हा सर्व शिक्षकांच्या वतीने आपले मनःपूर्वक अभिनंदन! सेवाज्येष्ठता यादीत आपले नाव सर्वांत वर होते, तेव्हा हे पद नियमाने आपल्याकडेच येणार होते. पण आमचा आनंद त्या यादीपुरता नाही. ज्यांचा तास चालू असताना शेजारच्या वर्गातली मुलेही कान देऊन ऐकतात, त्यांच्या हाती शाळा आली, याचा तो आनंद आहे.

आपण पदभार घेताना जनरल रजिस्टरे, सेवापुस्तके, कॅशबुक आणि कपाटांच्या चाव्या यांच्यासोबत जुन्या लॉगबुकांचा एक गठ्ठाही ताब्यात घेतला. त्या गठ्ठ्यापाशी आमच्यातले जुने शिक्षक थोडे थांबले, कारण त्यात एका काळची शाळा आहे.

तेव्हा मुख्याध्यापक शाळा भरण्याआधी व्हरांड्यात उभे असायचे. रुळाच्या तुकड्यावर शिपाईमामांनी टोला दिला की प्रार्थना व्हायची, हजेरी व्हायची, आणि दुसऱ्या तासाला कुठल्या तरी वर्गाच्या मागच्या दाराने ते आत यायचे. शेवटच्या बाकावर मुलांशेजारी बसायचे, एखाद्याची वही ओढून घेऊन पाहायचे. शिकवणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. तास संपला की ते काही न बोलता निघून जायचे आणि मधल्या सुट्टीनंतर लॉगबुक सहीसाठी यायचे.

नवव्या वर्गातल्या भूमितीच्या तासावरची एक जुनी नोंद आम्ही परवा पुन्हा वाचली. फळ्याच्या उजव्या भागावर खिडकीचा उजेड पडतो, त्यामुळे डाव्या रांगेला आकृती दिसत नाही, असे त्यात लिहिले आहे. सगळे प्रश्न पुढच्या दोन बाकांनाच विचारले गेले, हेही आहे. सिद्धता फळ्यावर पूर्ण झाली, पण मागच्या तीन वह्यांत ती ‘पक्ष’ लिहूनच थांबली, असा शेवट आहे. टीकेचा शब्द कुठेच नाही. खाली शिक्षकाची सही आहे, आणि काही दिवसांनी त्याच वर्गाची दुसरी नोंद: फळा शेजारच्या भिंतीवर हलवला, आता सर्वांना दिसतो.

शिक्षकाला हे स्वतःहून कळणे अवघड असते. फळ्यापाशी उभे राहिले की फळा चकाकत नाही. उजेड मागच्या बाकावरूनच खुपतो आणि थांबलेली सिद्धता मागच्या बाकावरच्या वहीतच दिसते. आमच्यातले कित्येक जण खरे शिकवणे बी.एड.नंतर अशा नोंदींतूनच शिकले.

आज मुख्याध्यापकांची सकाळ वेगळी असते. आपण प्रभारी होता त्या महिन्यांत आम्ही ती जवळून पाहिली. पोषण आहाराचे आजचे आकडे, शालार्थवरचे वेतन देयक, यू-डायसची माहिती, आणि त्यात संचमान्यता जवळ आलेली. एका मुलीचे उदाहरण आम्हा सर्वांना आठवते. जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव एक आणि आधारवर एका अक्षराने वेगळे. तेवढ्यावरून तिचे आधार प्रमाणित होईना. मुलगी रोज वर्गात हजर, पण ज्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात त्या पटातून वगळली जाण्याच्या बेतात. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण. पट काठावर असला की अशी दोन-चार नावे गळाल्याने एखादा सहकारी अतिरिक्त ठरू शकतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जाऊ शकतो. आपण जन्मदाखला मागवला, चूक आधारवर आहे की रजिस्टरमध्ये हे आधी ताडून पाहिले, पालकांना आधार केंद्रावर पाठवले, आणि दुरुस्ती होऊन येईपर्यंत रोज पोर्टल उघडून पाहिले. मुलगी पटावर आली, एक पद वाचले. पण त्या दिवसांत लॉगबुकात एकही नोंद झाली नाही.

जुन्या काळात सगळेच चांगले होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याच जनरल रजिस्टरांत पानोपानी 1 जून ही जन्मतारीख आहे. आईवडिलांना तारीख सांगता यायची नाही, म्हणून शाळेने ती लिहून टाकली, आणि पुढे नोकरीपासून निवृत्तीपर्यंत माणसाला तीच चिकटली. तेव्हा शाळेतून गळालेल्या मुलाचा शोध हजेरीपत्रकातल्या लाल रेघेशी संपायचा. आज तो कुठल्या शाळेत गेला, की कुठेच गेला नाही, हे नोंदींवरून काढता येते. मुख्याध्यापकांच्या खोलीत तेव्हा मुले शिक्षेखेरीज जात नसत, आज आपल्या टेबलापाशी पाचवीतली पोरे तक्रार घेऊन बिनधास्त उभी राहतात. हे आजचे आहे आणि मोलाचे आहे.

सर, मागच्या पिढीतले काही मुख्याध्यापक तरुण वयात त्या खुर्चीवर बसले आणि वीस-वीस वर्षे राहिले. शाळेला त्यांचे वळण लागले. आता ज्येष्ठतेने पद मिळते तेव्हा अठ्ठावन्नावे वर्ष फार दूर नसते. हाताशी असतात ती मोजकी वर्षे. ती संगणकासमोर जावीत असे आम्हाला वाटत नाही. म्हणून शिक्षकसभेत आम्ही आपसांत काही ठरवले आहे, ते अभिनंदनासोबत आपल्यापुढे ठेवतो.

आपापल्या वर्गाच्या आधारनोंदी वर्गशिक्षक जुलैतच तपासतील. नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी रजिस्टरशी ताडून, फरक असलेल्या मुलांची यादी आपल्याकडे देतील आणि पालकांचा पाठपुरावाही तेच करतील. पोषण आहाराची रोजची नोंद आमच्यातले दोघे आठवड्याने आळीपाळीने भरतील. ज्यावर मुख्याध्यापकांचीच सही लागते, तेवढेच आपल्यापर्यंत येईल, तेही मधल्या सुट्टीनंतर. जबाबदारी आपलीच राहणार, ती कुणाला वाटून घेता येत नाही. पण तिच्यातले हातचे काम वाटून घेता येते.

त्या बदल्यात आमची एक मागणी आहे. सकाळचा दुसरा तास आपण वर्गांसाठी राखावा. न सांगता यावे, मागच्या बाकावर बसावे आणि जे दिसेल ते लॉगबुकात लिहावे. आमच्यातले तरुण सहकारी स्मार्ट बोर्डावर शिकवतात. त्या पडद्यावरही खिडकीचा उजेड पडतो, आणि चित्रफीत संपली तरी मागच्या तीन वह्या कोऱ्या असू शकतात. ते आम्हाला कुणीतरी दाखवायला हवे. आपला गणिताचा दहावीचा तासही सोडू नये. मुख्याध्यापकानेही काही तास घ्यावेत हा जुना दंडक आहे, आणि मुलांना तो तास हवा आहे.

लॉगबुकाची नवी वही कार्यालयात आणून ठेवली आहे. पहिली नोंद आमच्यापैकी कुणाच्याही तासाची होऊ द्या. तिच्याखाली सही करताना आम्हाला अभिमानच वाटेल. आपल्या कारकिर्दीला आम्हा सर्वांच्या शुभेच्छा!

आपले,
सर्व शिक्षक सहकारी