एकाच पॉलिसीचा हप्ता दोनदा कापला गेला तेव्हा

बाबांच्या आयुर्विमा पॉलिसीचा सहामाही हप्ता १८,४५० रुपयांचा. तो बँकेतून आपोआप जावा म्हणून मँडेट दिलेलं होतं. जूनच्या ५ तारखेला विमा कंपनीचा मेसेज आला: हप्ता जमा झालेला नाही, त्वरित भरा. बाबांनी कंपनीच्याच साइटवर यूपीआयने पैसे भरले, पावतीही मिळाली. ७ तारखेला मँडेटनेही तेवढीच रक्कम कापली गेली. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

ग्राहक सेवेला फोन केला, तर उत्तर आलं, "काळजी करू नका, पुढच्या हप्त्यात जमा होईल." पण आम्हाला पैसे आत्ता हवे होते. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी मात्र वेळीच सावध केलं: बँकेकडून व्यवहार उलटवायला जाऊ नका. पॉलिसीत हप्ता म्हणून नोंदलेलीच रक्कम मागे गेली, तर हप्ता थकीत दिसेल आणि पॉलिसी बंद पडायची.

म्हणून आधी कंपनीकडून हप्त्यांचा खातेउतारा मागवला. त्यात ५ तारखेची रक्कम जूनच्या हप्त्यापोटी होती आणि ७ तारखेची नुसती ठेव म्हणून पडून होती. परत काय मागायचं, ते तिथे स्पष्ट झालं. मग बाबांच्या सहीने शाखा व्यवस्थापकांना अर्ज केला. त्याचा गाभा असा:

"विषय: एकाच हप्त्याची दुबार कपात, जादा रक्कम परत मिळणेबाबत.
जून महिन्याचा देय हप्ता ५ जून रोजी यूपीआयने भरला आहे. त्याच हप्त्यापोटी ७ जून रोजी मँडेटद्वारे रु. १८,४५० पुन्हा कापले गेले. ही दुसरी रक्कम पुढील हप्त्यात समायोजित करू नये. माझ्या बँक खात्यात परत करावी. पॉलिसी चालू असल्याचे व जूनचा हप्ता जमा असल्याचे लेखी कळवावे."

खाली पॉलिसी क्रमांक आणि दोन्ही व्यवहारांचे क्रमांक लिहिले. सोबत पावती, दोन्ही नोंदी दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट आणि रद्द केलेला धनादेश जोडला. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतला. काउंटरवर "ठेवून जा" म्हणाले, पण पोच घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही.

पुढे शाखेने टाळाटाळ केली, तेव्हा ती पोच जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल केला. त्यानंतर पैसे खात्यात आले. ते आले नसते तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता आली असती. कंपनीने लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि 'समायोजित करू नये' हे त्यात स्पष्ट लिहा.