गटातला ऊस नेमका कुठे?

संगणकशास्त्रातल्या पीएचडीसाठी अर्ज करताना संशोधनाचं निवेदन लिहावं लागतं. आपला प्रश्न कोणता, तो इतरांनी कुठवर आणून ठेवलाय आणि तिथून पुढे का सरकत नाही, हे त्यात दोन पानांत मांडायचं असतं. माझा प्रश्न मला साखर कारखान्याच्या ऊस नोंदीत सापडला.

इंदापूर तालुक्यात आमची जमीन आहे. लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय येऊन नाव, गट नंबर, जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र लिहून नेतो. पण एका गटात सगळ्या भावकीची वहिवाट असते. १६० गुंठ्यांच्या गटात ६० गुंठे आडसाली ऊस, एवढं नोंद सांगते. तो गटाच्या कोणत्या अंगाला उभा आहे, हे सांगत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो. थोडक्यात, माझ्यासमोर १६० चौकोन आहेत. त्यांतले ६० उसाचे आहेत हे ठाऊक आहे, पण कोणते ते ठाऊक नाही.

अशा अर्धवट माहितीवरून संगणकाला शिकवण्यावर बरंच काम झालं आहे. नोव्ही क्वाड्रिएंटो, ॲलेक्स स्मोला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या गटांतली प्रमाणं वेगवेगळी असतील, तर त्यांच्या तुलनेतूनच प्रत्येक वर्गाची ओळख काढता येते. सगळ्याच गटांत उसाचं प्रमाण सारखं असेल, तर मात्र तुलनेला काही उरत नाही. पुढे लौरा कुए ला रोसा आणि सहकाऱ्यांनी एखाद्या प्रदेशातल्या पिकांच्या प्रमाणांवरून उपग्रहचित्रांत पिकं ओळखण्यासाठी हाच मार्ग वापरला. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातही उसासाठी उपग्रहाचा उपयोग सुरू आहे, पण तिथे सल्ला द्यायचं शेत आधीच ठरलेलं असतं.

निवेदनाचा मसुदा वाचून माझ्या सरांनी विचारलं, “हे सगळं झालंय म्हणतोस, मग तुझ्यासाठी उरलं काय?”

उत्तर शोधायला मी २००९ च्या त्या मांडणीतलं गृहीतक पुन्हा तपासलं. कोणत्याही गटातला ‘ऊस’ आणि कोणत्याही गटातला ‘ऊस नसलेला भाग’ सगळीकडे सारखाच दिसतो, असं ती मांडणी धरून चालते. आमच्या भागात हे टिकत नाही. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात उसाचं प्रमाण जास्त, आणि उरलेल्या रानात मका, कडवळ. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात ऊस थोडा, आणि उरलेल्या रानात बाजरी, ज्वारी किंवा पडीक. प्रमाणांत फरक हवा म्हणून दोन्ही पट्टे एकत्र घ्यावेत, तर प्रमाणाबरोबर पाणीही बदलतं. मग संगणक उसाऐवजी ओलीत ओळखायला शिकतो.

ही चूक लपून राहते, आणि खरा धोका तोच आहे. समजा, बागायती गटात १०० गुंठे आहेत: ७० ऊस, २० मका, १० पडीक. संगणकाने ५० गुंठे खरा ऊस आणि २० गुंठे मका मिळून ‘ऊस ७०’ असं सांगितलं, तर प्रमाण तंतोतंत जुळतं आणि चूक शून्य दिसते. नकाशा मात्र ४० गुंठ्यांवर चुकलेला असतो: २० गुंठे ऊस सुटला आणि २० गुंठे मका उसात धरला गेला. हे पकडायचं तर काही गट कडेने पायी फिरून जीपीएसवर उसाच्या हद्दी आखाव्या लागतात, आणि ते गट शिकवण्यातून पूर्ण बाहेर ठेवावे लागतात.

तेव्हा माझ्या निवेदनात प्रश्न एका वाक्यात आला: ‘ऊस नसलेल्या भागाचं रूप गटागणिक, आणि तेही उसाच्या प्रमाणाबरोबरच बदलत असेल, तर केवळ प्रमाणांवरून ऊस ओळखता येण्यासाठी किमान कोणती जादा माहिती लागते?’ माझा अंदाज असा की नोंदीतली लागणीची तारीख ती माहिती देईल. मका चारेक महिन्यांत रान मोकळं करतो. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास उभा राहतो. पावसाळ्यातल्या ढगांमुळे साधी चित्रं अडतात, तिथे सेंटिनेल-१ चं रडार उपयोगी पडतं.

निवेदनाच्या शेवटी या अंदाजाची मर्यादाही लिहिली. उजनीच्या पाणलोटालगत केळी आहे, आणि केळीही वर्षभर रानात उभी असते. त्या गटांत तारखेचा आधार लंगडा पडेल. तिथे पायी आखलेल्या हद्दींशी नकाशा जुळला नाही, तर लागणीची तारीख पुरेशी नाही असा निष्कर्ष मी काढेन, आणि ती का पुरत नाही याची सिद्धता हेच प्रबंधाचं काम असेल.