खळी हसतानाच का पडावी?

पनवेलहून रोह्याला जाताना लागणारं आपटा हे छोटं स्थानक बहुतेकांनी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगात पाहिलेलं असतं. १९९५च्या त्या सिनेमातल्या शाहरुख खानच्या खळ्या आजही मोबाइलमधल्या फोटोंतून माझ्या दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, अशी खळी पाहिजे.’ मी सांगते, फोटो ठेवा आणि सिनेमाच आवाज बंद करून बघा. गालाकडे लक्ष द्या. खळी हसण्याबरोबर उमटते आणि हसू ओसरलं की मिटते. फोटोत तिचा एकच क्षण सापडतो, आणि फोटो बघून केलेल्या खळ्या बऱ्याचदा तिथेच फसतात.

गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारा एक स्नायू हसताना ओठ वर-बाहेर ओढतो. काही जणांत तो वाटेत दुभंगतो आणि त्याच्या खालच्या पट्टीचे तंतू त्वचेला आतून चिकटलेले असतात. स्नायू आखडला की त्वचा आत खेचली जाते, सैलावला की सुटते. शस्त्रक्रियेत आपण हा स्नायू दुभंगवत नाही. आपण त्वचा बांधतो ती गालाच्या आतल्या भिंतीतल्या वेगळ्याच स्नायूला, जो घास दातांकडे ढकलतो. म्हणजे उत्तम हातांनी केलेली खळीसुद्धा नैसर्गिक खळीची नक्कलच असते, आणि हे मी आधीच सांगते.

जागा ठरवताना रुग्णाला बसवूनच खूण करावी. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली आणि ओठांच्या कोपऱ्यातून आडवी अशा दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तो बिंदू अंदाजाला बरा. पण मी त्यावर थांबत नाही. गाल आत ओढायला लावते, मग मनापासून हसायला, आणि खूण सरकवते. आडवं झोपल्यावर गाल कानाकडे घसरतो, तेव्हा केलेली खूण चुकते.

शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासाची, फक्त गाल बधिर करून. बाहेर काप नाही. तोंडातून गोल पात्याने आतलं अस्तर, थोडी चरबी आणि स्नायूचा छोटा तुकडा काढतात. त्वचा शाबूत राहते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या नळीचं तोंड असतं, ते आधी शोधून चुकवावं लागतं. चेहऱ्याच्या नसेच्या बारीक फांद्याही जवळच असतात. मग टाका स्नायूतून त्वचेच्या आतल्या थरापर्यंत नेऊन परत आणायचा आणि तोंडात गाठ मारायची. गाठ किती आवळायची, यात सगळी कसोटी आहे.

सुरुवातीचे आठवडे न हसतासुद्धा खळी दिसते. याला घाबरू नये. साधारण दोन-तीन महिन्यांत गाल सैलावतो आणि मग ती मुख्यतः हसतानाच दिसू लागते. टिकाऊपणा टाक्यावर नसतो. टाक्याने त्वचा फक्त जागेवर धरून ठेवायची. त्या काळात त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये व्रणाची पकड तयार झाली तर खळी कायमची, नाही झाली तर टाका ऊतींतून कापत जातो आणि खळी उथळ होत नाहीशी होते. गुटखा, सुपारीने ज्यांचं तोंड नीट उघडत नाही त्यांना मी नाहीच म्हणते. त्यांच्या गालाचं अस्तर आधीच ताठरलेलं असतं.

बाहेर खळ्या करून आलेली एक तरुणी दहा महिन्यांनी माझ्याकडे आली. गप्प बसली असतानाही दोन्ही गालांवर सारख्याच खोलीचे, काठ स्पष्ट असलेले गोल खड्डे होते. हसली की गाल वर जायचा, पण खड्डा जागचा हलायचा नाही. त्याच्यावर मांसाची घडी पडायची. मी एक बोट तोंडात आणि अंगठा बाहेर ठेवून गाल चिमटीत धरला. त्वचा आतल्या थरावरून सरकतच नव्हती. मधली चरबी जास्त काढलेली, गाठ जास्त आवळलेली, असं माझं निदान झालं. नैसर्गिक खळ्या बहुधा थोड्या लांबट, काठाला पुसट आणि दोन गालांवर उन्नीस-बीस असतात. इथे मोजून सारख्या केल्यामुळेच नजर अडकत होती.

तोंडातूनच ती पकड सोडवली आणि पोटावरची थोडी चरबी मध्ये घातली, नाहीतर थर पुन्हा चिकटले असते. गाल हलू लागला. उजव्या बाजूला मात्र तिरप्या उजेडात दिसणारा पुसट खोलगटपणा राहिला, कारण तिथे त्वचेच्या आतल्या थरातच व्रण धरला होता. तो काढायचा तर बाहेरून काप द्यावा लागला असता आणि त्याची खूण चेहऱ्यावर राहिली असती. आम्ही दोघींनी तो विचार सोडून दिला.