माझा ‘ओ’ आला कुठून?

मागच्या टर्ममध्ये नवीन ओळखपत्रांसाठी सर्व कॅडेट्सचा रक्तगट तपासला. माझा ओ पॉझिटिव्ह निघाला. रात्री डॉर्ममध्ये एका मित्राने विचारले, “घरी कोणाचा कुठला?” मी म्हणालो, “बाबा ए, आई बी.” तो हसून म्हणाला, “मग तू ओ कसा? तुला नक्की दुर्ग स्टेशनवरून उचलून आणलंय!” सगळे हसले, मीही हसलो, पण दिवे बंद झाल्यावर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी फळ्यावर चौकट काढली. प्रत्येकाकडे रक्तगटाची दोन जनुके असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ए आणि बी दिसतात. ओ त्यांच्यामागे लपतो. म्हणून ‘ए’ गटाचा माणूस ए-ए असेल किंवा ए-ओ. आई-बाबा बी-ओ आणि ए-ओ असतील, तर बाळ ए, बी, एबी किंवा ओ, चारांपैकी काहीही होऊ शकते. प्रत्येक बाळाला प्रत्येक गटाची शक्यता पंचवीस टक्के.

“पण ते तसेच आहेत कशावरून?” मी विचारले. सर म्हणाले, “घरच्यांचे गट विचार.”

रविवारी भिलाईला फोन केला. दुर्गची आजी, म्हणजे बाबांची आई, ओ गटाची. ती ओच देऊ शकते, म्हणून बाबा नक्की ए-ओ. ताई ए गटाची. आईकडे ए नाहीच, म्हणजे ताईला ए बाबांकडून आणि ओ आईकडून मिळाला. म्हणून आई बी-ओ. दोघांचा लपलेला ओ माझ्यात एकत्र आला. त्या रात्री शांत झोपलो.

मग मी मित्रालाच कोडे घातले: आई ओ, वडील बी, बाळ एबी, शक्य आहे का? चौकटीप्रमाणे नाही. पण १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट शोधला, तो ‘बॉम्बे’ गट. ए आणि बी ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. त्यामुळे जनुक ए असले तरी साध्या तपासणीत गट ओ दिसतो. अशा आईच्या बाळाला वडिलांकडून एच मिळाला, की आईचा लपलेला ए बाळात दिसू लागतो.

अशा माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, कारण त्यात एच असतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून रक्त देण्यापूर्वी दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळून पाहतात. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या, तर बॉम्बे गटाची शंका घेऊन पुढची तपासणी करतात.

मित्राने कोडे सोडवले नाही. पण आता तो स्टेशनचे नाव काढत नाही.