भाईजान म्हणाले मी हिस्सा सोडला

आमच्या जाफराबादेत एका घरात चार दिवस अबोला होता. भांडणाचं कारण होतं आठ शब्दांचा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून तो मेसेज माझ्यासमोर ठेवला गेला. घरच्यांच्या परवानगीने, नावं न सांगता, तो इथे देतो आहे.

घर असं. वडील वारले, मागे एक जुनं घर आणि शेजारची मोकळी जागा राहिली. तीन भावंडं. थोरले, ज्यांना सगळे भाईजान म्हणतात, नोकरीनिमित्त बाहेरगावी. मधले इथेच, त्याच घरात. बहीण सगळ्यांत धाकटी, भोकरदनला दिलेली. वाटणीची बोलणी सुरू होती. एक दिवस भाईजान बहिणीशी फोनवर बोलले आणि तिने मधल्या भावाला लिहिलं:

भाईजान म्हणाले मी हिस्सा सोडला काळजी करू नका

ना स्वल्पविराम, ना अवतरण चिन्ह, ना पूर्णविराम. आपण सगळेच असे मेसेज लिहितो आणि बहुतेक वेळा ते चालून जातात. हा चालला नाही, कारण यातला ‘मी’ कोण हे मेसेज सांगत नाही.

एक वाचन असं, की ‘मी’ म्हणजे भाईजान. त्यांनी स्वतःचा हिस्सा सोडला. दुसरं वाचन असं, की ‘मी’ म्हणजे मेसेज लिहिणारी बहीण. म्हणजे ती सांगते आहे की मी हिस्सा सोडला असं भाईजान म्हणत सुटले आहेत. मधल्या भावाने दुसरं वाचलं. त्यात त्यांचा दोष काढता येत नाही. आपल्या समाजात शरीयतने दिलेला बहिणीचा हिस्सा कागदावर असतो आणि प्रत्यक्षात ‘तिने खुशीने सोडला’ असं तिच्या वतीने दुसराच कुणी सांगून मोकळा होतो. असं पाहत आलेल्या माणसाला भाईजानही त्याच वाटेने निघाले असं वाटलं. त्यांनी थोरल्याचे फोन उचलणं बंद केलं.

आता यात मराठीचा काय हात आहे तो पाहू.

एखाद्याचं बोलणं सांगताना इंग्रजीत ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो. मराठीत तसं बंधन नाही. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे आणि त्यातला ‘मी’ म्हणजे तोच, हे आपण सहज समजतो. बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच उचलून आणायची मराठीला मुभा आहे. पण सांगणाऱ्यालाही स्वतःबद्दल ‘मी’च म्हणावं लागतं. दोन माणसं, सर्वनाम एक.

बहुतेक वेळा क्रियापद आपल्याला वाचवतं. बहिणीने ‘भाईजान म्हणाले मी उद्या येतो’ असं लिहिलं असतं तर ‘येतो’वरून पुरुषाचा ‘मी’ कळला असता, आणि ‘येते’ असतं तर तिचा स्वतःचा. पण ‘मी हिस्सा सोडला’ यात क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. ते हिश्शाकडे बघतं. हिस्सा सोडला, जमीन सोडली, घर सोडलं. सोडणारा पुरुष असो की बाई, रूप तेच. व्यवहाराची वाक्यं नेमकी याच साच्यात येतात: मी पैसे दिले, मी सही केली, मी कागद पाहिला. म्हणजे जिथे घोटाळा सगळ्यांत महाग पडतो, तिथेच क्रियापद गप्प बसतं.

आवाजात हा प्रश्न येत नाही. तोंडाने सांगताना बहीण ‘म्हणाले’वर क्षणभर थांबली असती आणि पुढचं वाक्य भाईजानांच्या सुरात बोलली असती. कागदावर तो थांबा म्हणजे स्वल्पविराम, आणि तो बदललेला सूर म्हणजे अवतरण चिन्ह.

ही चिन्हं मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात. मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चं. त्याआधीच्या मोडी कागदांत शब्दाशब्दांत जागाही सोडत नसत, मग अवतरण चिन्ह कुठून असणार? तरी त्या काळचे कारकून दुसऱ्याचं म्हणणं नेमकं नोंदवत होते. ते चिन्हाचं काम शब्दाकडून करून घेत. समोरच्याच्या पत्रातला मजकूर सांगून झाला की शेवटी ‘म्हणोन लिहिलें’ असं येई. ते ‘म्हणोन’ म्हणजे कुंपणाचा शेवटचा खांब: इथवर त्याचे शब्द, इथून पुढे माझे.

आज आपल्याकडे असे दोन शब्द आहेत. ‘की’ दार उघडतो आणि ‘असं’ दार लावतो. ‘भाईजान म्हणाले की…’ लिहिलं तर बोलणं कुठे सुरू झालं ते कळतं, पण कुठे संपलं ते कळत नाही. ‘…असं भाईजान म्हणाले’ लिहिलं तर संपल्याचं कळतं, सुरुवात अंदाजाने धरावी लागते. शिवाय दोन्हींत ‘मी’चा प्रश्न तसाच राहतो. ‘मी’च्या जागी ‘त्यांनी’ लिहावं, तर हे ‘त्यांनी’ कुणी तिसरंच असू शकतं. ‘आपण’ लिहावं, तर त्याचा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. सुरुवात, शेवट आणि ‘मी’चा मालक, तिन्ही एकदम सांगणारी गोष्ट म्हणजे अवतरण चिन्हांची जोडी.

मेसेजमधले शेवटचे तीन शब्दही पाहा. ‘काळजी करू नका’ हे कोण म्हणतंय? हे बहिणीने मधल्या भावाला लिहिलेलं असेल, किंवा भाईजानांनी दोघा भावंडांना सांगितलेलं असेल. मधल्या भावाने ते बहिणीचं धरलं: ते काही म्हणोत, तुम्ही काळजी करू नका. त्यामुळे त्यांचा संशय आणखी पक्का झाला. बंद होणारं चिन्ह कुठे पडतं, यावर त्या तीन शब्दांचा मालक ठरतो:

भाईजान म्हणाले, "मी हिस्सा सोडला. काळजी करू नका."

भाईजान म्हणाले, "मी हिस्सा सोडला." काळजी करू नका.

पहिल्यात दिलासा थोरल्या भावाचा आहे, दुसऱ्यात बहिणीचा. नुसते स्वल्पविराम दिले, ‘भाईजान म्हणाले, मी हिस्सा सोडला, काळजी करू नका’, तर पहिल्या स्वल्पविरामाने दार उघडल्याचं कळतं, पण दुसरा स्वल्पविराम दार लावतो की आतल्या आत नुसता श्वास घेतो, ते कळायला मार्ग नाही. घाईत स्वल्पविरामावर भागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो अर्धंच कुंपण आहे.

‘म्हणाले’ शेवटी आणायचं असेल तर मराठी पुस्तकांत स्वल्पविराम चिन्हाच्या आत छापतात: "मी हिस्सा सोडला," असं भाईजान म्हणाले. आणि ‘की’ वापरला तर सहसा अवतरण चिन्ह देत नाहीत, कारण ‘की’नंतर आपण आशय सांगतो आहोत असा वाचणाऱ्याचा समज असतो.

मोबाइलवर एक अडचण आहे. ?123 दाबल्यावर जे " मिळतं ते उभं असतं, उघडणारं आणि लावणारं एकसारखंच. छापील पुस्तकात दोन्हींचा वळसा वेगळा असतो, म्हणून एखादं गळालं तरी कोणतं गळालं ते समजतं. मोबाइलवर समजत नाही. म्हणून पाठवण्याआधी मोजावं: चिन्हं दोन हवीत, चार हवीत, पण तीन नकोत.

शेवटी त्या घरात गुंता सुटला कसा? बैठकीत मामूंनी बहिणीला विचारलं, "तो फोनवर बोला क्या, वो बोल. लफ्ज-ब-लफ्ज." ती म्हणाली, "मैं मेरा हिस्सा छोड दिया, तुम लोगां फिकर मत करो." क्षणात सगळं स्पष्ट झालं. आमच्या घरच्या दखनीत अशा वाक्यात ‘ने’ लागत नाही, त्यामुळे क्रियापद हिश्शाकडे न बघता बोलणाऱ्याकडे बघतं. पुरुष म्हणाला म्हणून ‘छोड दिया’. बाई असती तर ‘छोड दी’ म्हणाली असती. मूळ बोलण्यात जी खूण होती, ती मराठीत आणताना गळून पडली.

म्हणून माझं म्हणणं असं की अवतरण चिन्हांच्या आत तेच शब्द घालावेत जे खरोखर तोंडून निघाले, आणि ज्या बोलीत निघाले त्याच बोलीत. उलथा केला की ते त्याचे शब्द राहत नाहीत, आपले होतात. बहिणीने भाईजान म्हणाले, "मैं मेरा हिस्सा छोड दिया" एवढं लिहिलं असतं तर चार दिवस वाचले असते.

काही वाचक म्हणतील, मेसेजने कुणाचं घर कुणाच्या नावावर होत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. बरोबर. पण ते करायला निबंधकाच्या कार्यालयात कोण जाणार आणि कोण रुसून घरी बसणार, हे अशा मेसेजांवरच ठरतं.

शब्द आणि आशय यांतला हा फरक आपल्या परंपरेला नवा नाही. हदीसच्या शास्त्रात लफ्जने केलेली रिवायत आणि मानीने केलेली रिवायत यांत फरक करतात. नेमक्या शब्दांची खात्री नसली तर रावी सांगून झाल्यावर जोडत, ‘अव कमा काल’, म्हणजे ‘किंवा जसं ते म्हणाले’. अरबीतले हे तीन शब्द म्हणजे अवतरण चिन्हाच्या बरोबर उलटं चिन्ह. ऐकणाऱ्याला ते सांगतात की आशय घ्या, शब्दांवर अडून बसू नका.

मराठीत त्यासाठी आपल्याकडे ‘अशा अर्थाचं’ आहे. शब्द पक्के आठवत असतील तर चिन्हं लावावीत. नसतील तर ‘भाईजान स्वतःचा हिस्सा सोडतो अशा अर्थाचं बोलले’ असं सरळ लिहावं. चिन्ह लावणारा ग्वाही देत असतो की हेच शब्द होते. उद्या कुणी तो मेसेज बैठकीत वाचून दाखवला, तर साक्षीला त्यालाच उभं राहावं लागेल.